कार्डावरचे आकडे कसे वाचायचे: बीएमआय, कंबर आणि बीपी

कर्मचारी आरोग्य शिबिर
गुरुवार, सकाळी ९ ते दुपारी १, तळमजल्यावरची प्रशिक्षण खोली

आज तुमच्या कार्डावर तीन नोंदी होतील. कार्ड फक्त तुमच्याकडे राहील. त्याची प्रत वरिष्ठांकडे किंवा एचआर विभागाकडे जाणार नाही. आकडे चांगले आले तरी कार्ड जपून ठेवा, पुढच्या तपासणीत तुलनेसाठी लागेल.

बीएमआय

वजन (किलो) ÷ उंची (मीटर) ÷ उंची (मीटर)

वजन ६८ किलो आणि उंची १.६२ मीटर असेल, तर बीएमआय साधारण २५.९ येतो. दक्षिण आशियाई प्रौढांसाठी आम्ही पुढच्या मर्यादा वापरतो:

१८.५ पेक्षा कमी: वजन कमी
१८.५ ते २२.९: योग्य
२३ ते २४.९: वजन जास्त
२५ आणि पुढे: लठ्ठपणा

इतरत्र तुम्ही २५ आणि ३० या मर्यादा वाचल्या असतील. आपल्याकडे त्या खाली आणल्या आहेत, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असतं आणि मधुमेहाचा धोका लवकर सुरू होतो. मात्र बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. नियमित व्यायामाने स्नायू कमावलेल्या माणसाचा आकडा उगाच जास्त दिसतो. गरोदर महिलांनी हा आकडा बाजूला ठेवावा.

कंबर

पँटचा नंबर म्हणजे कंबरेचं माप नव्हे; पँट बहुतेकदा पोटाखाली बसते. आम्ही टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर धरतो आणि सहज श्वास सोडल्यावर माप घेतो. कृपया पोट आत ओढू नका. पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर आणि महिलांमध्ये ८० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त माप आलं, तर पोटाच्या आत, अवयवांभोवती चरबी साठत असण्याची शक्यता असते. बीएमआय योग्य असूनही कंबर जास्त भरणारे बरेच जण असतात. त्यांनी ‘वजन तर ठीक आहे’ म्हणून निश्चिंत राहू नये. रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं.

बीपी (रक्तदाब)

तिन्हींपैकी या आकड्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण वाढलेलं बीपी बहुतेकदा काहीच त्रास देत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे बीपी ठीक असेल, हा समज फार महागात पडतो. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडांचं नुकसान आतल्या आत होत राहतं.

वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाच्या दाबाचा, खालचा ते सैलावतानाच्या दाबाचा. १२० बाय ८० च्या खाली असेल तर उत्तम. १४० बाय ९० च्या खाली, पण वरचा १२० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९ असेल, तर लक्ष ठेवायला हवं. वरचा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त, दोन्हींपैकी एक जरी असला, तरी पुन्हा तपासणी आवश्यक.

एकाच दिवसाच्या मोजणीवरून ‘मला बीपी आहे’ असं ठरवू नका. जिना चढून आल्यावर, नुकताच चहा किंवा सिगारेट झाल्यावर, लघवी तुंबलेली असताना, किंवा नुसत्या तपासणीच्या धास्तीनेही आकडा वाढतो. म्हणून आधी ५ मिनिटं शांत बसा. पाठ टेकवा, पाय जमिनीवर सरळ ठेवा, पायावर पाय टाकू नका. दंड उघडा आणि हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवा. मोजताना बोलू नका. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्ट्याने बीपी खोटं जास्त येतं. एक-दोन मिनिटांच्या अंतराने आम्ही दोनदा मोजतो. रात्रपाळी करून आला असाल तर तसं सांगा, कार्डावर नोंद करू.

आकडा जास्त आला, तर पुढचे ७ दिवस घरी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५ बाय ८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

बीपीची गोळी चालू असेल, तर ती आजही नेहमीच्या वेळेलाच घ्या. आकडा चांगला आला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका; तो बहुधा गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणं, एका बाजूला अशक्तपणा किंवा बोलताना अडखळणं असेल, तर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं. एकट्याने गाडी चालवत जाऊ नका. लक्षणं नसतील तर शिबिरात पुन्हा मोजून घ्या, आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कार्ड समजलं नाही तर खोलीच्या उजवीकडे डॉक्टर बसले आहेत. पडद्याआड एकेकट्याशीच बोलतात. वेगळा नंबर लावावा लागत नाही.