लॅपटॉप चार वर्षं चालवायचा आहे

नमस्कार. बसा सगळे. ज्यांनी लॅपटॉप आणलाय त्यांनी तो आत्ता बॅगेतच राहू द्या, शेवटी लागणार आहे.

मी आपल्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब बघते. मुलांचे बिघडलेले लॅपटॉप दुरुस्तीला जाण्याआधी बहुतेक वेळा माझ्या टेबलावर येतात. पडून फुटलेले त्यात कमीच असतात. रोजच्या वापरातल्या सवयींनी झिजलेले जास्त. त्यामुळे पहिल्या महिन्यात जी सवय लावाल, ती पार शेवटच्या प्रोजेक्टपर्यंत पुरेल.

सगळ्यात जास्त नुकसान करते उष्णता. बहुतेक लॅपटॉपचा पंखा खालच्या जाळीतून हवा आत घेतो आणि बाजूने किंवा मागून गरम हवा बाहेर टाकतो. तुम्ही तो गादीवर, उशीवर, पांघरुणावर ठेवलात की ती वाटच बंद होते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. मग मुलं म्हणतात, ‘मॅडम, लॅपटॉप स्लो झालाय,’ आणि फॉरमॅट मारून मोकळी होतात. आत धूळ तशीच! पलंगावर बसून काम करायचंच असेल तर खाली निदान एक मोठी, सपाट पाटी घ्या. वर्षातून एकदा धूळ साफ करून घ्या. मात्र मागचं झाकण उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. आणि हवेचा फवारा मारताना पंख्याची पाती अडवून धरा, वेगात गरागरा फिरू देऊ नका.

आता बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. ती शंभर टक्के भरलेली असेल आणि वर गरमही असेल, तर झीज आणखी वेगाने होते. म्हणून तुम्ही दिवसभर चार्जर लावून काम करत असाल, तर चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय तुमच्या मॉडेलमध्ये आहे का ते बघा. बऱ्याच कंपन्या ती देतात, पण सुरुवातीला ती बंद असू शकते. जास्त वेळ बाहेर राहायचं असेल त्या दिवशी खुशाल पूर्ण भरा. लांब सुट्टीत लॅपटॉप वापरणार नसाल तर साधारण निम्मी बॅटरी ठेवून तो बंद करा.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा खालचं झाकण फुगलं, तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, बॅटरीला टोचू तर मुळीच नका. थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या. याबाबतीत ‘परीक्षा झाल्यावर बघू’ चालणार नाही, कारण ती पेट घेऊ शकते.

स्क्रीन उघडताना कोपरा धरू नका, मधोमध धरा. एका बाजूने ओढून ओढून बिजागरी सैल होते आणि शेवटी तिथलं प्लास्टिक तडकतं. कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहिला असताना झाकण लावलं की स्क्रीन गेलीच म्हणून समजा. पाण्याची बाटली वेगळ्या कप्प्यात ठेवा.

आणि पाणी किंवा चहा सांडलाच तर? तिथल्या तिथे चार्जर काढा आणि पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा. पालथा करून पाणी निथळू द्या. ‘चालतोय का’ म्हणून पुन्हा सुरू करून बघू नका. आत ओल असताना वीज फिरली की मदरबोर्ड जळू शकतो. तांदळात ठेवून आतली ओल जात नाही. हेअर ड्रायरही नको. उघडून साफ करून घ्या.

हे सगळं सांभाळूनही लॅपटॉप चोरीला जाऊ शकतो, ड्राइव्ह अचानक मरू शकतो. म्हणून असाइनमेंट, प्रोजेक्ट, फोटो यांची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर ठेवा. नुसतं क्लाउडशी सिंक असणं पुरत नाही, कारण इकडे फाइल उडाली की तिकडूनही उडते. बाहेरचा ड्राइव्ह कॉपी झाली की काढून ठेवा. विंडोजमध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद केलेला असेल, तर तो उघडणारी रिकव्हरी की कुठे आहे हे आजच शोधा आणि कागदावर लिहून घरी ठेवा. मदरबोर्ड बदलल्यावर लॅपटॉप ती मागतो. तेव्हा ती सापडली नाही की मुलं रडकुंडीला येतात, आणि मलाही काही करता येत नाही. बिलाचा आणि सिरियल नंबरचा फोटोही काढून ठेवा.

आता लॅपटॉप काढा. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

एक रिपोर्ट तयार होईल, तो कुठे सेव्ह झाला तेही स्क्रीनवर दिसेल. त्यात `DESIGN CAPACITY` म्हणजे बॅटरीची मूळ क्षमता आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आजची. दोन्ही आकडे आजच्या तारखेसह वहीत लिहा. दर सत्राच्या सुरुवातीला हाच रिपोर्ट काढून आकडे पडताळा. नव्या लॅपटॉपचा दुसरा आकडा आत्ताच फारच कमी दिसत असेल तर थांबा, मला दाखवा. वॉरंटीत आहे तोवर त्याचं काहीतरी करता येईल.