भूगोलाच्या बाईंना

प्रिय बाई,

सा. न. वि. वि.

‘आपल्या बहुमोल मार्गदर्शनाबद्दल आम्ही सदैव ऋणी राहू’ असं पत्र आधी लिहिलं होतं. ते बाजूला ठेवलं, कारण त्यात तुम्ही कुठेच नव्हता.

तुम्ही आहात पसरणी घाटात. सहल महाबळेश्वरची होती, पण तुम्ही वाटेतच एसटी थांबवून आम्हाला खाली उतरवलंत. वर महाबळेश्वरला पाऊस धो धो कोसळतो आणि खाली माण-खटावात पिकं वाळतात, ते का, हे तुम्ही सह्याद्रीकडे हात करून सांगितलंत. ढग डोंगरावरच रिते होतात. ‘पर्जन्यछाया’ त्याआधी फक्त प्रश्नोत्तराच्या वहीत होती. मग घाटातला काळा दगड हातात देऊन म्हणालात, “हा लाव्हा आहे, थंड झालेला.” मला तो खरंच गरम वाटला होता.

आज मी भूजल खात्यात काम करते. विहिरीची पातळी मोजायला माणमध्ये जाते तेव्हा शेतकऱ्यांना जमिनीखालचा खडक तुमच्याच शब्दांत समजावते, आणि त्यांना कळतं.

आणखी एक. दहावीला बाबा आजारी होते, तेव्हा परीक्षेची फी कोणी भरली हे आईने मला फार उशिरा सांगितलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. बाई, त्या फीमुळे मी शिकले.

जूनमध्ये शाळा सुरू होईल आणि तुम्ही घरी असाल. पहिला पाऊस झाला की मी गाडी घेऊन येते. तुम्ही, मी आणि काका, पसरणी घाटात जाऊ. नाही म्हणू नका.

तुमची,
सुनंदा