विषय: जुलै २०२६ च्या पगाराचा हिशोब, १७ जुलैपासूनच्या पगारवाढीसह

नमस्कार,

तुमचा मेल आणि सोबत जोडलेला कागद दोन्ही नीट पाहिले. तुमच्या हिशोबाने जुलैचा एकूण पगार ४७,२५० रुपये व्हायला हवा होता, स्लिपवर ४५,६३० दिसतोय. फरक १,६२० रुपयांचा. स्लिप बरोबर आहे. पण नुसतं 'सिस्टीमनं काढलंय' असं सांगून तुमचं समाधान होणार नाही, म्हणून सगळा हिशोब उलगडून देतो.

आधी तारखेचं. तुमचा सहा महिन्यांचा परिवीक्षा काळ १६ जुलैला संपला आणि १७ जुलैपासून तुम्ही कायम झालात. पगारवाढ त्याच तारखेपासून लागू आहे. पत्रावर २० जुलै ही तारीख आहे, पण ती पत्र निघाल्याची. हिशोबात तिचा काही संबंध नाही. १७ तारीख स्वतः नव्या पगारात मोजली जाते. म्हणजे १ ते १६ हे १६ दिवस जुन्या पगाराचे आणि १७ ते ३१ हे १५ दिवस नव्या पगाराचे. (३१ मधून १७ वजा करून १४ धरणारे पुष्कळ भेटतात, मग एक दिवस हवेत राहतो. तुम्ही १५ च धरलेत.) १६ आणि १५ मिळून ३१, महिना पुरा झाला. ही बेरीज जमली नाही तर पुढे जाण्यात अर्थच नसतो.

जुना पगार ४५,००० : मूळ पगार २६,०००, घरभाडे भत्ता १०,४००, प्रवास भत्ता ३,०००, विशेष भत्ता ५,६००. नवा पगार ५१,००० : मूळ २९,५००, घरभाडे ११,८००, प्रवास ३,०००, विशेष ६,७००. प्रवास भत्ता वाढलेला नाही. बाकी तीन घटक मिळून ६,००० वाढलेत.

आता मुख्य फरक. तुम्ही लिहिलंय: ४५,००० भागिले ३० म्हणजे रोजचे १,५००, गुणिले १६ दिवस, २४,०००. मग ५१,००० भागिले ३० म्हणजे १,७००, गुणिले १५ दिवस, २५,५००. एकूण ४९,५००. गडबड इथेच आहे. दिवस मोजलेत ३१ आणि भागलंय ३० ने. पगार महिन्याचा ठरलेला आहे, दिवसाचा दर त्यातून काढलेला. त्यामुळे ज्या महिन्याचे जितके दिवस, तितक्यानेच भागायचं, ही आपल्याकडची पद्धत. तुमची रीत पगारवाढ नसलेल्या महिन्याला लावून बघा: १,५०० गुणिले ३१ म्हणजे ४६,५००. ठरलेल्या पगारापेक्षा दीड हजार जास्त! आणि तीच रीत २८ दिवसांच्या फेब्रुवारीला लावली तर हातात ४२,०००, तेव्हा तुम्हीच आमच्या टेबलाशी आला असता.

३० दिवसांचा ठोक महिना धरणारी ऑफिसंही असतात, त्यात गैर काही नाही. पण मग दोन्ही तुकड्यांची बेरीजही ३० च यावी लागते. वर ३१ आणि खाली ३० असं चालत नाही. ३१ ने भागलं की जुन्या दराचे १६ दिवस २३,२२५.८१ आणि नव्या दराचे १५ दिवस २४,६७७.४२, एकूण ४७,९०३.२३ येतात. तुमच्या ४९,५०० मधले १,५९६.७७ इथेच गेले. १,६२० पैकी जवळजवळ सगळा फरक हा.

तुमच्या विभागातल्या कुणीतरी रविवार सोडून कामाचे दिवस धरावेत असं सुचवलंय. तेही करून पाहिलं. जुलैत चार रविवार, कामाचे दिवस २७. १६ तारखेपर्यंत १४ आणि नंतर १३. तसं केलं तर ४७,८८८.८९ येतात, म्हणजे चौदा रुपये कमीच. दोन्ही बाजूंना दोन-दोन रविवार आलेत म्हणून फारसा फरक पडला नाही. असो, आपण रविवारही पगारी धरतो, त्यामुळे तो मार्ग इथे नाही.

राहिली रजा. मस्टरवर तुमची दीड दिवस बिनपगारी रजा आहे: ९ जुलैला पूर्ण दिवस आणि २४ जुलैला दुपारनंतर अर्धा दिवस. तुम्ही दोन्हीसाठी १,५०० चा दर लावून २,२५० वजा केलेत. ९ तारीख जुन्या पगारात येते, तिची कपात जुन्या दराने. २४ तारीख नव्या पगारात येते, त्या अर्ध्या दिवसाची कपात नव्या दराने. ज्या दिवशी जो पगार मिळाला असता तोच कापायचा, जास्त नाही आणि कमीही नाही. ४५,००० भागिले ३१ म्हणजे १,४५१.६१, आणि ५१,००० भागिले ३१ च्या अर्धे ८२२.५८. मिळून २,२७४.१९. तुमच्या आकड्यापेक्षा २४ रुपये जास्त. ही रजा कोणत्या बाजूला पडली याने फरक पडतो, पण फार नाही: दोन दरांमधला फरक दिवसाला १९३.५५ रुपये आहे.

स्लिप बनवताना आम्ही आधी पूर्ण पगार धरून नंतर रजा कापत नाही, सरळ पगारी दिवसच घेतो. जुन्या बाजूला १६ मधून १ गेला, १५ राहिले. नव्या बाजूला १५ मधून अर्धा गेला, १४.५ राहिले. त्यावरून प्रत्येक घटक:

| घटक | १–१६ जुलै (१५ दिवस) | १७–३१ जुलै (१४.५ दिवस) | एकूण | स्लिपवर |
|---|---|---|---|---|
| मूळ पगार | १२,५८०.६५ | १३,७९८.३९ | २६,३७९.०३ | २६,३७९ |
| घरभाडे भत्ता | ५,०३२.२६ | ५,५१९.३५ | १०,५५१.६१ | १०,५५२ |
| प्रवास भत्ता | १,४५१.६१ | १,४०३.२३ | २,८५४.८४ | २,८५५ |
| विशेष भत्ता | २,७०९.६८ | ३,१३३.८७ | ५,८४३.५५ | ५,८४४ |
| एकूण | २१,७७४.१९ | २३,८५४.८४ | ४५,६२९.०३ | ४५,६३० |

पहिल्या ओळीत एक पैसा जमत नाहीये, कारण कोष्टकात दाखवताना पैसे दोन दशांशांपर्यंत पूर्ण केलेत, आतला हिशोब पूर्ण आकड्यांवर चालतो. एक रुपयाचंही तसंच: एकूण ४५,६२९.०३ असताना स्लिपवर ४५,६३० आलेत, कारण आम्ही प्रत्येक घटक वेगळा पूर्णांकात आणून मग बेरीज करतो. हा एक रुपया तुमच्या बाजूने गेलाय. दोन्ही तुकडे आधीच पूर्णांकात आणले असते तर घरभाडे १०,५५१ झालं असतं आणि एकूण ४५,६२९. म्हणून पूर्णांक करायचं ते अगदी शेवटी, दोन्ही तुकडे जोडल्यावर.

तुम्ही एक्सेलमध्ये पडताळणार असाल तर मूळ पगाराचं सूत्र असं:

```
=ROUND(26000*15/31+29500*14.5/31,0)
```

बाकीच्या घटकांना फक्त आकडे बदला. उलट्या बाजूने पडताळा घ्यायचा असेल तर सोपी युक्ती आहे, आम्हीही तीच वापरतो. पूर्ण महिना जुना पगार धरा: ४५,००० गुणिले २९.५ भागिले ३१ म्हणजे ४२,८२२.५८. त्यात फक्त वाढीचे पैसे घाला: ६,००० गुणिले १४.५ भागिले ३१ म्हणजे २,८०६.४५. बेरीज ४५,६२९.०३. वरच्या रीतीने आलेला आकडा आणि हा जुळला की मध्ये काही सुटलेलं नाही.

कपातींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या महिन्यात विचाराल म्हणून आत्ताच. भविष्य निर्वाह निधी तुमच्या प्रत्यक्ष मिळालेल्या मूळ पगारावर १२ टक्के जातो. जूनमध्ये तो ३,१२० होता, जुलैत २६,३७९ च्या १२ टक्के म्हणजे ३,१६५ गेला, आणि ऑगस्टमध्ये रजा नसेल तर ३,५४० जाईल. तीन महिन्यांत तीन आकडे दिसतील, त्याने गोंधळून जाऊ नका. ॲडव्हान्सचा हप्ता २,००० मात्र ठरलेला आहे, महिन्याची विभागणी त्याला लागू होत नाही. तेव्हा ४५,६३० मधून ३,१६५ आणि २,००० जाऊन खात्यात ४०,४६५ रुपये जमा झालेत. पासबुकात हाच आकडा असेल.

'पगार वाढून हातात काहीच वाढलं नाही' हे तुमच्या मेलमधलं वाक्य मात्र मला समजतं. जूनमध्ये रजा नव्हती, म्हणून हातात ३९,८८० आले होते. जुलैत वाढ अर्ध्याच महिन्याची, त्यातून दीड दिवसाची रजा गेली, त्यामुळे फरक ५८५ रुपयांचाच दिसतो. हा महिना तसाच असतो. खरी वाढ ऑगस्टच्या स्लिपवर दिसेल: पूर्ण हजेरी असेल तर ५१,००० एकूण आणि कपाती जाऊन हातात ४५,४६०.

एक गोष्ट राहिली. ११ जुलैला तुम्ही चार तास थांबून काम केलंत, त्या ओव्हरटाइमची नोंद आमच्याकडे मस्टर बंद झाल्यावर आली. ती ऑगस्टच्या पगारात येईल. पैसे ऑगस्टमध्ये मिळाले तरी काम ११ तारखेचं आहे, त्यामुळे दर जुन्या मूळ पगारावरूनच धरला जाईल. ओव्हरटाइमच्या ओळीत कमी आकडा दिसला तर त्याचं कारण हेच असेल. रजेचाही तोच नियम: जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातली एखादी हजेरी आता दुरुस्त झाली तर त्या दिवसाचे पैसे १,४५१.६१ च्या दराने परत मिळतील, नव्या दराने नाही.

९ तारखेच्या रजेबद्दल तुमचं म्हणणं असेल की ती पगारी होती, तर तुमच्या वरिष्ठांची मंजुरी मला २५ ऑगस्टच्या आत पाठवा, त्याच दिवशी मस्टर बंद होतं. ती मिळाली तर ऑगस्टच्या स्लिपवर 'जुलै थकबाकी' या नावाने वेगळी ओळ येईल. २४ तारखेच्या अर्ध्या दिवसावर तुमचीच सही आहे, त्यामुळे तो तसाच राहील.

कळावे,
पगार विभाग