प्रश्न ४ (ब) तपासताना – इयत्ता नववी, वेग-काल आलेख (५ गुण)

सर, मॅडम,

'अ' तुकडीचे पहिले पंधरा पेपर तपासून झाल्यावर हे लिहीत आहे. बाकीचे गठ्ठे उघडण्याआधी एकदा वाचून घ्या.

आलेखात दुचाकी स्थिर अवस्थेतून निघून ६ सेकंदांत १२ मी/से वेग गाठते, पुढचे १० सेकंद तोच वेग ठेवते आणि शेवटच्या ४ सेकंदांत थांबते. विस्थापन क्षेत्रफळावरून आणि त्वरण चढावरून काढा, असं प्रश्नातच लिहिलं आहे.

विस्थापन, ३ गुण. आकृतीचे भाग पाडणं किंवा समलंब चौकोन ओळखणं १, किमती घालणं १, एककासह उत्तर १.
३६ + १२० + २४ = १८० मी, किंवा ½ × (२० + १०) × १२ = १८० मी.

त्वरण, २ गुण. पहिला टप्पा १२ ÷ ६ = २ मी/से², १ गुण. शेवटचा टप्पा (० − १२) ÷ ४ = −३ मी/से², १ गुण. ऋण चिन्ह नसेल तर अर्धा कापा. पण 'वेग कमी होतो' असं शब्दांत लिहिलं असेल तर कापू नका.

२४० मी आलं असेल तर मुलाने १२ × २० केलंय, म्हणजे अख्खा आयत धरलाय. किमती आलेखावरून बरोबर वाचल्याबद्दल १, बाकी शून्य. १२० मी दिसलं तर मात्र थांबून बघा. मधल्या आयताचं क्षेत्रफळ काढून दोन त्रिकोण विसरला असेल तर १ गुण; सरासरी वेग ६ धरून २० ने गुणलं असेल तर शून्य. उत्तर एकच, चुका अगदी वेगळ्या.

चौकटी मोजणारीही बरीच निघतील. ४५ चौरस सेंटीमीटर, प्रत्येकाचे ४ मीटर, म्हणून १८०: पूर्ण ३ द्या, हेही क्षेत्रफळच आहे. नुसतं '४५ मी' असेल तर २.

चढाच्या बाबतीत चूक माझी आहे. दोन्ही अक्षांवर १ सेंमी = २ असंच प्रमाण घेतलं, त्यामुळे चौकटी मोजून ६ ÷ ३ केलं तरी २ येतं. अशांना पहिल्या टप्प्याचा गुण द्या. Y-अक्षाचं प्रमाण वेगळं असतं तर हे पकडता आलं असतं.

टप्प्याटप्प्याने s = ut + ½at² लावून १८० आणलं असेल तर २ गुण, पद्धतीचा एक कापा. तेच सूत्र सरळ २० सेकंदांना लावून ४०० मी आणणाऱ्याला शून्य.

१२ ऐवजी १० वाचलं असेल तर अर्धा गुण एकदाच कापा. पुढे त्याच्या किमतीने १५० मी, १.६७ आणि −२.५ मी/से² आलं तर ते बरोबर धरा.

आडव्या रेषेला 'गाडी थांबली आहे' असं लिहिणारे तीन सापडले. ते अंतर-काल आलेख वाचताहेत. त्या ओळीचे गुण नाहीत, कापूही नका, पण पेपरवर लाल शाईने 'अक्ष बघ' एवढं लिहा.