खंडाचं प्रतिज्ञापत्र

अर्ज सकाळी दहापर्यंत पोचायला हवा होता. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते आणि वैशालीचं कव्हर लेटर पहिल्याच वाक्यात अडकलं होतं. ‘मी एक मेहनती व जबाबदार उमेदवार असून...’ हे तिने पाचदा पुसलं आणि पाचदा परत लिहिलं.

सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली. पलीकडच्या कॉटवर मनाली भिंतीकडे तोंड करून राज्यघटनेची कलमं पुटपुटत होती. जागा हवी तशीच निघाली होती: गावाकडच्या मुलांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत करणारी संस्था, पद समन्वयकाचं, अर्ज मराठीतच मागवलेला. बी.कॉम. होतं. हिंजवडीत बॅक ऑफिसची दोन वर्षं होती. पुढे कंपनीने अख्खी टीमच कमी केली, आणि त्यानंतरच्या दीड वर्षापुढे वैशालीने बायोडेटात लिहिलं होतं, ‘कार्यालयीन साहाय्य’. ते कार्यालय म्हणजे नवी पेठेतलं झेरॉक्सचं दुकान. बार्शीला आईलाही तिने ‘ऑफिस’ एवढंच सांगितलं होतं.

फोन वाजला. अनोळखी नंबर.

“ताई, झेरॉक्सवाल्या ताईच ना? करमाळ्यावरनं बोलतोय. पोरीचा फारम भरला होता तुम्ही. परत आलाय बघा. उद्या शेवटची तारीख म्हणत्यात.”

“काय शेरा आलाय काका? वाचून दाखवता?”

“गॅपचा कागद जोडा म्हणतंय. आता हे गॅप म्हंजे काय?”

“बारावीनंतर ती एक वर्ष घरी होती ना? त्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र लागतं. सकाळी सेतू केंद्रात जा. आधार आणि बारावीची मार्कशीट बरोबर न्या. ती मोठी झालीय, सही तिचीच लागेल, तिलाही न्या.”

पलीकडे जरा शांतता. “त्यात काय लिहायचं पण? सासू आजारी होती आमची, तिच्याजवळ बसायची पोरगी. अन् कांदा काढायला जायची रोजानं. असलं लिहित्यात का कुठं? नुसतं ‘घरगुती अडचण’ लिहितो.”

“नको काका. होतं तेच लिहा. आजीची सेवा केली, शेतात काम केलं, त्या वर्षी दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नाही. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मोघम लिहिलं की वाचणाऱ्याला उगाच शंका येते.”

“बरं,” ते म्हणाले. “लिहितो तसंच.”

फोन ठेवून वैशाली स्क्रीनकडे बघत राहिली. ‘कार्यालयीन साहाय्य’.

मग उठून तिने कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली. दोनशे पानी वही, कव्हरवर शाईचे डाग. कुणाचा अर्ज परत आला की तारीख, कारण आणि उपाय ती त्यात लिहून ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं. तीच चूक दुसऱ्या पोराला भोवू नये, एवढंच मनात असायचं. तिने पहिल्यांदाच नोंदी मोजल्या. 143.

जुनं सगळं पुसून ती लिहायला लागली.

‘गेलं दीड वर्ष मी नवी पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. तिथे मी विद्यार्थ्यांचे अर्ज भरते, आणि परत आलेल्या प्रत्येक अर्जाचं कारण वहीत नोंदवते. आजवर 143 नोंदी झाल्या आहेत. सर्वांत जास्त घोळ नावाचा: आधारवर “शिवाजी”, मार्कशीटवर “शिवाजीराव”. त्याखालोखाल बँक खात्याचा. मुलं नव्या खात्याचं पासबुक घेऊन येतात, पैसे मात्र आधारशी जोडलेल्या जुन्या खात्यात जमा होतात. ते खातं कुणी उघडून बघत नाही आणि घरी वाटतं, शिष्यवृत्ती आलीच नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी मी विचारते, “आधार कुठल्या बँकेला जोडलंय?” उत्तर आलं नाही, तर आधी बँकेत पाठवते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मी स्वतः तपासते. मुलं ती बघत नाहीत, त्यांना फक्त दाखला मिळाल्याचा आनंद असतो.

आपल्या संस्थेत हेच काम मला दुकानाच्या काउंटरवर न थांबता गावात जाऊन करायचं आहे. भेटीला बोलावलंत तर वही घेऊन येईन.’

“मनाली, ऐकतेस का जरा?”

मनाली कूस बदलून ऐकत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, “अगं, या वहीबद्दल तू कधी बोलली नाहीस.” थोडं थांबून तिने विचारलं, “माझं आधार कुठे जोडलेलं आहे, ते कसं बघायचं?”

वैशालीने ते तिला बघून दिलं. मग बायोडेटात ‘कार्यालयीन साहाय्य’ खोडून ‘झेरॉक्स व अर्ज केंद्र, नवी पेठ’ लिहिलं. एक वाजून दहा मिनिटांनी मेल गेला.

सकाळी साडेसातला त्याच नंबरवरून फोन आला.

“ताई, सेतूपुढं उभाय. अजून उघडलं नाही, पण नंबर पहिला हाय आपला.”

“पोरगी आहे ना बरोबर?”

“हाय की. कांद्याचंबी लिहिलंय तिनं.”