विषय: क्वालिटी एक्झिक्युटिव्ह (द्राक्ष निर्यात, दिंडोरी) पदासाठी अर्ज – स्नेहल जाधव

आदरणीय कुलकर्णी सर,

नमस्कार. सोमवारी फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे वरील पदासाठी अर्ज पाठवत आहे. मुलाखत घेणारे संचालक स्वतः बागायतदार आहेत, मेल मराठीतच करा, असं तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. बागेतलं काम मला मराठीतच नीट सांगता येतं.

मी २०१९ची बी.एस्सी. कृषी. तेव्हापासून निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत फिल्ड ऑफिसर म्हणून सहा हंगाम काढले. सध्या माझ्याकडे ६४ शेतकऱ्यांचे ११२ प्लॉट आहेत. ग्रेपनेटवरची नोंदणी, ऑक्टोबर छाटणीपासूनची फवारणी डायरी, रेसिड्यूचं सॅम्पल काढताना हजर राहणं, काढणीआधी मण्याची साइज आणि ब्रिक्स बघणं, हे सगळं मीच करते. पॅकहाउसमध्ये दोन हंगाम रात्रपाळीही केली आहे.

तुमच्या जाहिरातीत ‘रेसिड्यूच्या बाबतीत काटेकोर’ असं लिहिलंय, म्हणून एक प्रसंग सांगते. जानेवारीत पिंपळगावजवळची एक थॉमसनची बाग बघायला गेले होते. ब्रिक्स १८, मणी १८ मिलिमीटर, घडांत नाव ठेवायला जागा नाही. डायरीही चोख. पण ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या नोंदी एकाच निळ्या पेनाने, एका दमात लिहिल्यासारख्या, आणि एकाही पानावर औषधाचा डाग नाही. फवारणीच्या दिवसांत खिशात फिरलेली वही अशी दिसत नाही. काकांना म्हटलं, जरा पंपघर बघू. ड्रममागे एका बुरशीनाशकाची रिकामी बाटली सापडली, ती डायरीत नव्हती. विचारल्यावर फवारणीची तारीख निघाली, आणि पीएचआय संपायला अजून तीन आठवडे होते. तो माल मी एक्स्पोर्टला घेतला नाही. काकांनी तो लोकल व्यापाऱ्याला कमी भावात दिला आणि दोन महिने माझा फोन उचलला नाही. पुढच्या छाटणीनंतर मात्र पहिला फोन त्यांचाच आला: “ताई, हे मारू का?”

त्यानंतर मी डायरीची पद्धत बदलली. फवारणी झाली की त्याच दिवशी बाटलीच्या लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि नोंद मी शेतावर गेल्यावर माझ्यासमोर. गेल्या हंगामात ११२ पैकी ३ प्लॉटची सॅम्पल फेल झाली. त्यातल्या दोन ठिकाणी चूक माझ्या नजरेतून सुटली होती, हेही सांगायला हवं. २०१०मध्ये क्लोरमेक्वाटमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली तेव्हा मी शाळेत होते. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी पैशाचा विषय कुणी काढत नसे, एवढं आठवतं.

दोन गोष्टी आधीच सांगते. मार्च ते सप्टेंबर २०२३ मी नोकरीत नव्हते. वडिलांचं ऑपरेशन झालं होतं आणि घरची दोन एकर बाग मीच सांभाळली. दुसरं, परदेशी खरेदीदारांना मेल मी लिहू शकते, पण इंग्रजीत फोनवर बोलताना अजून अडखळते.

सोबत चार फाइल जोडल्या आहेत:

Snehal_Jadhav_Biodata.pdf (दोन पानं, फोन नंबर पहिल्या पानावर)
Degree_Certificate.pdf
Experience_Letter_2019-23.pdf (आधीच्या कंपनीचं)
Spray_Diary_Format.xlsx (वर सांगितलेल्या डायरीचा नमुना, शेतकऱ्यांची नावं काढून)

शेवटची फाइल संचालकांना जरूर दाखवा. बायोडेटापेक्षा त्यांना तीच जास्त कामाची वाटेल.

सध्या हातात दरमहा २८,००० रुपये येतात, अपेक्षा ३६,०००ची आहे. पेट्रोल वेगळं मिळणार असेल तर थोडं मागेपुढे करता येईल. दुचाकी स्वतःची आहे. नोटीस ३० दिवसांची, त्यामुळे निर्णय सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळला तर ऑक्टोबर छाटणीच्या सुरुवातीलाच रुजू होता येईल. मध्येच प्लॉट हातात घेतले की आधीची डायरी कुणी कशी लिहिली ते कळत नाही.

एक विनंती: सध्याच्या ऑफिसात मी अजून काही सांगितलेलं नाही, तेव्हा मुलाखत होईपर्यंत तिथे फोन करू नये. आधीच्या कंपनीत जरूर चौकशी करा, माझ्या तेव्हाच्या मॅनेजरांचा नंबर बायोडेटात दिला आहे.

मुलाखतीला दिंडोरीत किंवा नाशिकला कुठेही येईन. सकाळी बागेत असते, दुपारी ३ नंतर फोन केलात तर निवांत बोलता येईल.

आपली नम्र,
स्नेहल जाधव
ओझर, ता. निफाड, जि. नाशिक
२६ ऑगस्ट २०२५