संदर्भ फोटोतील चेहऱ्याचे वर्णन: नव्या चित्रासाठीचा प्रॉम्प्ट

सोबत जोडलेल्या फोटोतल्या बाईंचेच नवे चित्र हवे आहे. कपडे आणि मागची जागा बदलायची, चेहरा तोच ठेवायचा. फोटो आणि खालचे वर्णन यांत फरक वाटला तर फोटो प्रमाण धरा. डावी-उजवी बाजू सगळीकडे फोटो पाहणाऱ्याच्या हिशेबाने आहे; चित्र आरशासारखे उलटे करू नका, कारण या चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत आणि ओळख बरीचशी त्यातच आहे.

वय 54 च्या आसपास. चेहरा लांबट चौकोनी, कडा गोलावलेल्या. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी आणि गालफडांवरची रुंदी यांचे प्रमाण साधारण 4:3. जबडा गालफडांपेक्षा थोडासाच अरुंद, कानाखाली त्याचा कोन स्पष्ट दिसतो. हनुवटी आखूड, रुंद, खालून सपाट. मागच्या प्रयत्नांत ती निमुळती होऊन चेहरा अंडाकृती झाला आणि बाई दहा वर्षांनी लहान, वेगळ्याच कुणीतरी दिसू लागल्या. जबड्याखालची सैल त्वचा तशीच ठेवा.

कपाळ कमी उंचीचे: चेहऱ्याचे वरून खाली तीन भाग केले तर वरचा सर्वांत लहान, नाकाच्या टोकाखालचा सर्वांत मोठा. भुवया जवळजवळ सरळ, कमान नाही, बाहेरच्या टोकाला विरळ. डोळे मध्यम आकाराचे, गडद तपकिरी. दोघांमधले अंतर एका डोळ्याच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त. डाव्या डोळ्याची वरची पापणी थोडी खाली आलेली, त्यामुळे बुबुळाचा वरचा चौथा हिस्सा झाकला जातो. उजव्या डोळ्यात जेमतेम कड झाकली जाते. हा फरक दुरुस्त करायचा दोष नाही, तो राहिलाच पाहिजे. डोळ्यांखाली हलकी सूज आणि एकेक तिरकी घडी.

नाकाच्या दांड्यावर मध्यभागी लहान उंचवटा, तिथून नाक किंचित उजवीकडे झुकते. शेंडा गोल, नाकपुड्या रुंद. वरचा ओठ पातळ, खालचा भरलेला. उजव्या गालावर, नाकपुडीच्या पातळीत, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ खाली, एकच गडद तपकिरी तीळ. केस काळे-पांढरे मिसळलेले, मधोमध भांग, मागे बांधलेले; पांढरे केस कानशिलांवर जास्त. दोन्ही कान दिसतात.

त्वचा मध्यम तपकिरी, तांबूस झाक असलेली. माँक स्केलच्या 10 छटांमध्ये 6 आणि 7 च्या दरम्यान. फोटोतल्या मऊ उजेडात गालावर साधारण `#9A6A4C`, कपाळावर `#8A5C42`, डोळ्यांभोवती `#6F4A3A`. चेहरा एकाच रंगात रंगवू नका: कपाळ गालांपेक्षा गडद, डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला आणखी गडद, नाकावर हलकी चमक. रोमछिद्रे, गालांवरचे फिकट वांग आणि मान व चेहरा यांतला किंचित फरक ठेवा. उजेड वाढला तर फक्त उजळ बाजूची चमक वाढावी, त्वचेची मूळ छटा नव्हे. सोनेरी संध्याप्रकाश नको. तो हा रंग केशरी करतो आणि तांबूस झाक हरवते. डावीकडून, चेहऱ्याच्या जरा वरून येणारा दिवसाचा पसरट उजेड ठेवा.

भाव: ऐकून झाले आहे, आता उत्तर देणार, असा क्षण. ओठ मिटलेले पण दाबलेले नाहीत. डावा कोपरा अगदी थोडा वर, उजवा आपल्या जागी. खालच्या पापण्या किंचित उचललेल्या, कपाळ सैल, नजर थेट कॅमेऱ्याकडे. याला नुसते ‘हसरा चेहरा’ समजू नका. तसे समजले की दात दिसतात, गाल वर चढतात, डोळे बारीक होतात आणि वर सांगितलेला पापण्यांचा फरकही पुसला जातो. डोके उजवीकडे सुमारे 5 अंश कललेले, चेहरा डावीकडे 10 अंश वळलेला.

नवे दृश्य: गडद निळा, पूर्ण बाह्यांचा साधा सदरा, मागे पुस्तकांचे कपाट, अस्पष्ट. छातीपर्यंतची उभी चौकट, 4:5. चेहऱ्याची उंची चौकटीच्या किमान एक तृतीयांश असावी. त्याहून लहान झाला की पापणी, तीळ आणि नाकाचा उंचवटा यांना पुरेसे पिक्सेल उरत नाहीत. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, 85 मिमी लेन्ससारखा. जवळून घेतलेल्या रुंद लेन्सने नाक फुगते आणि कान मागे जातात. सौंदर्य फिल्टर, मेकअप, दागिने काही नाही.

सगळे एकत्र साधत नसेल तर आधी कपाट सोडा, मग सदऱ्याचा रंग. जबडा, डाव्या डोळ्याची पापणी, नाकाचा कल, त्वचेची छटा आणि ओठांचा डावा कोपरा या पाचांना हात लावू नका.